पीएस४ विकण्याआधी: पीएस५ मध्ये काय येतं, काय येत नाही

प्रश्न: भाऊ, माझ्याकडे नागपूरहून घेतलेला जुना पीएस४ आहे, ५०० जीबीचा. मी आणि लहान भाऊ पाच वर्षांपासून त्यावर खेळतो. काही डिस्क आहेत, काही गेम दुकानदारानंच टाकून दिले होते, एक मी स्वतः ऑनलाइन घेतला. आता कापसाचे पैसे आले की पीएस५ घ्यायचा आणि हा विकून टाकायचा विचार आहे. घरी वायफाय नाही, मोबाइलचं रोजचं २ जीबी नेट आहे. सेव्ह आणि गेम सगळे नव्या मशीनमध्ये येतील काय? (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर: सेव्ह येतील, दोघांचेही, आणि त्यासाठी नेट जवळजवळ लागतच नाही. तुम्ही स्वतः विकत घेतलेला गेमही येईल. डिस्क चालतील की नाही हे तुम्ही कोणता पीएस५ घेता त्यावर आहे. दुकानदारानं टाकून दिलेले गेम मात्र बहुतेक येणार नाहीत. याचं कारण आधी नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच घ्यायचे आहेत.

मी वर्ध्यात बारा वर्षांपासून कन्सोल दुरुस्त करतो. पीएस५ भारतात २०२१ च्या फेब्रुवारीत आला, तेव्हापासून जुन्यावरून नव्यावर जाणारे लोक माझ्याकडे येतात. त्यांचं काही हरवलेलं असतं ते बहुधा एकाच गैरसमजामुळे: गेम म्हणजे एकच वस्तू आहे असं त्यांनी धरलेलं असतं. खरं तर त्या तीन वेगळ्या वस्तू आहेत. एक म्हणजे गेमची फाइल, ७० जीबी, १०० जीबी, जी काय असेल ती. ती गेली तरी पुन्हा आणता येते. दुसरा तो गेम खेळण्याचा हक्क. तो मशीनमध्ये नसतो, ज्या खात्यावरून पैसे भरले त्या खात्यावर असतो, आणि डिस्क असेल तर डिस्कमध्ये असतो. तिसरा सेव्ह, म्हणजे तुमची पाच वर्षांची मेहनत. आकारानं तो सगळ्यात लहान. पण पैसे भरून प्लेस्टेशन प्लस घेतलेलं नसेल तर त्याची जगात एकच प्रत असते, ती तुमच्या पीएस४ च्या आतल्या हार्ड डिस्कवर. मशीन विकलं की ती प्रत गेली.

दुकानदारानं टाकलेले गेम

विदर्भातच नाही तर सगळीकडेच हा धंदा चालतो. दुकानदार स्वतःच्या एखाद्या खात्यावर गेम विकत घेतो, तुमच्या पीएस४ वर त्या खात्याचा एक युजर बनवतो आणि त्या खात्यासाठी तुमचं मशीन `Primary PS4` करून ठेवतो. प्रायमरी मशीनवर कोणताही युजर तो गेम खेळू शकतो. म्हणून तुम्ही तुमच्या नावानं खेळता आणि गेम आपलाच आहे असं वाटतं. पण हक्क त्या दुकानदाराच्या खात्याचा आहे. तुम्ही पीएस५ वर तुमचं खाते उघडाल तेव्हा तो गेम यादीत दिसणारच नाही. फाइल नेली तरी तिच्यावर कुलपाचं चिन्ह येईल आणि उघडायला गेलात तर स्टोअर विकत घ्यायला सांगेल.

कोणता गेम खरोखर तुमचा आहे हे आजच पाहून घ्या. पीएस४ वर तुमच्या युजरनं आत जा, `Library` उघडा आणि `Purchased` बघा. तिथे फक्त त्या खात्यावर घेतलेलं दिसतं. मुख्य पडद्यावर गेम आहे, त्याची डिस्क तुमच्याकडे नाही आणि `Purchased` मध्येही तो नाही, तर तो दुसऱ्याच्या खात्याचा आहे. प्लेस्टेशन प्लसमधून मिळालेले महिन्याचे गेम त्या यादीत असतात, पण वर्गणी चालू असेल तोवरच खेळता येतात, हेही लक्षात असू द्या.

दुकानदाराकडे जाऊन 'नव्या मशीनवर पण टाकून द्या' म्हणता येईल. एका खात्यावर एक पीएस४ आणि एक पीएस५ असे दोन्ही एकाच वेळी चालू ठेवता येतात, त्यामुळे तो ते करूही शकेल. माझं मत मात्र स्पष्ट आहे: पुन्हा त्यात पडू नका. त्यानं पासवर्ड बदलला, खाते आणखी चार जणांना विकलं किंवा सगळी मशीनं एका झटक्यात बंद केली, तर तुमच्याकडे दाद मागायला काहीच नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलाचे अकरा गेम असेच एका रात्रीत कुलूपबंद झाले.

यातली चांगली गोष्ट अशी की सेव्ह खेळणाऱ्याच्या खात्याचा असतो, गेम घेणाऱ्याच्या नाही. दुकानदाराच्या खात्यावरचा गेम तुम्ही तुमच्या युजरनं खेळलात तर सेव्ह तुमचाच आहे. तो आत्ता काढून ठेवा. उद्या सेलमध्ये तोच गेम स्वतःच्या खात्यावर घेतलात की जिथे सोडला होता तिथून सुरू होईल.

पण तुम्ही आजवर कोणत्या युजरनं खेळलात ते बघून घ्या. बरेच पोट्टे मशीन आणल्या दिवसापासून दुकानदाराच्याच युजरनं खेळतात, स्वतःचा बनवतच नाहीत. तसं असेल तर सेव्ह त्या खात्याला बांधलेला आहे. त्याला तुमच्या नावावर आणायचा सरळ मार्ग नाही.

सेव्ह काढून घेणं

एक साधा पेनड्राइव्ह घ्या, १६ जीबीचा पुरे, आणि कॉम्प्युटरवर एफएटी३२ किंवा एक्सफॅट करून घ्या. पीएस४ ला लावा, तुमच्या युजरनं आत जा आणि इथे जा:

```
Settings → Application Saved Data Management
→ Saved Data in System Storage
→ Copy to USB Storage Device
```

गेमची यादी येईल. एकेक गेम उघडा, सगळे सेव्ह निवडा, कॉपी करा. तुमचं झालं की बाहेर या, भावाच्या युजरनं आत जा आणि हेच पुन्हा करा. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. त्या यादीत फक्त आत असलेल्या युजरचे सेव्ह दिसतात. मोठा भाऊ आपले काढून मोकळा होतो आणि लहान्याचं सगळं मशीनसोबत विकलं जातं.

भावाचा युजर नेटवरच्या खात्याशी जोडलेलाच नसेल तर त्याच युजरमधून नवीन खाते उघडून जोडा. नवा युजर बनवू नका, नाहीतर जुने सेव्ह जुन्या युजरकडेच राहतील. तो १८ च्या आतला असेल तर मोठ्यांच्या खात्याखाली मुलाचं खाते काढावं लागतं.

पेनड्राइव्ह कॉम्प्युटरवर उघडून तपासा. आत असं दिसलं पाहिजे:

```
PS4/SAVEDATA/(१६ अक्षरांचा खाते क्रमांक)/CUSA00411/
```

तुम्ही दोघं असाल तर १६ अक्षरांचे दोन फोल्डर हवेत. एकच दिसला तर कोणाचे तरी सेव्ह राहिले आहेत. प्रत्येक गेमच्या फोल्डरमध्ये फाइली जोडीनं असतात: एक मोठी, आणि त्याच नावाची शेवटी `.bin` असलेली अगदी छोटी. छोटी फाइल निरुपयोगी समजून पुसू नका, तिच्याविना मोठी उघडत नाही. फोल्डरची नावं बदलू नका. हा सगळा फोल्डर कॉम्प्युटरवर आणि आणखी एका पेनड्राइव्हवरही ठेवून द्या.

हे काम पीएस४ हातात आहे तोवरच करायचं, त्याला आणखी एक कारण आहे. पीएस५ वरून पीएस५ च्या गेमचे सेव्ह पेनड्राइव्हवर काढताच येत नाहीत, ती सोय फक्त पीएस४ च्या सेव्हना आहे.

बाहेरची हार्ड डिस्क जोडून तिच्यावर गेम ठेवणाऱ्यांचा हमखास घोळ होतो. डिस्क काढून नव्या मशीनला लावली की झालं, असं त्यांना वाटतं. त्या डिस्कवर फक्त गेम जातात. सेव्ह पीएस४ च्या पोटातच राहतात. एका गिऱ्हाइकानं मला सांगितलं, 'सगळं बाहेरच्या डिस्कवर आहे, मशीन साफ करून द्या.' मी ते ऐकलं, स्वतः बघितलं नाही आणि मशीन साफ केलं. त्याचे चार वर्षांचे सेव्ह माझ्या हातून गेले. त्या दिवसापासून दोन्ही बाजू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कोणाचंही मशीन पुसत नाही.

डिस्क आणि CUSA चा आकडा

पीएस५ डिजिटल एडिशन काही हजारांनी स्वस्त पडते म्हणून लोक ती घेतात. तिच्यात डिस्क घालायला जागाच नाही. तुमच्याकडच्या डिस्कचं डिजिटल प्रतीत रूपांतर करून कोणी देत नाही. पीएस४ ची डिस्क पीएस५ वर चालवायची असेल तर डिस्क ड्राइव्ह असलेलाच पीएस५ हवा, आणि गेम मशीनमध्ये भरलेला असला तरी दर वेळी डिस्क आत लागते. २०२३ नंतरच्या बारीक मॉडेलला ड्राइव्ह वेगळा घेऊन जोडता येतो, पण तो पहिल्यांदा जोडताना नेट लागतं.

डिस्क विकून तोच गेम ऑनलाइन घेऊ असा विचार असेल तर थांबा आणि डिस्कच्या डब्याच्या कण्यावर बघा. तिथे CUSA आणि पाच अंक छापलेले असतात. सेव्ह या आकड्याला बांधलेला असतो. उदाहरणार्थ, जीटीए ५ च्या पीएस४ आवृत्तीचा अमेरिकन आकडा CUSA00419 आहे आणि युरोपचा, जो आपल्याकडे चालतो, तो CUSA00411. गेम तोच, गोष्ट तीच, पण एकाचा सेव्ह दुसऱ्यात दिसत नाही. आपल्याकडे कोणाचा मावसभाऊ बाहेरून डिस्क घेऊन येतो, कोणी नागपुरात जुन्या डिस्क घेतं, तेव्हा डब्यावर काय छापलंय ते कोणी बघत नाही. ऑनलाइन घेतलेलं जास्तीचं सामान, म्हणजे डीएलसी, तेही त्याच प्रदेशाच्या डिस्कबरोबरच चालतं.

२ जीबी नेटवर गेम कसे न्यायचे

१०० जीबीचा गेम रोजच्या २ जीबीवर उतरवायला ५० दिवस लागतील. म्हणून गेमच्या फाइली नेटवरून आणू नका, मशीनवरून मशीनवर न्या.

सोपा रस्ता बाहेरच्या हार्ड डिस्कचा. ती यूएसबी ३.० ची आणि किमान २५० जीबीची हवी. पीएस४ ला लावून `Settings → Devices → USB Storage Devices` मधून `Format as Extended Storage` करावं लागतं, त्यात तिच्यावरचं सगळं पुसलं जातं, त्यामुळे लग्नाचे फोटो असलेली डिस्क लावू नका. मग `Settings → Storage` मधून गेम तिच्यावर हलवा. काढताना आधी `Stop Using This Extended Storage` करा, मग वायर ओढा. पीएस५ ला ती मागच्या बाजूला लावा, कारण पहिल्या पीएस५ चं पुढचं चौकोनी भोक धिमं आहे. पीएस४ चे गेम त्या डिस्कवरूनच चालतात. पीएस५ चे गेम तिच्यावर ठेवता येतात, पण तिथून खेळता येत नाहीत.

दुसरा रस्ता एका लॅन केबलचा. दोन्ही मशीनं मोबाइलच्या एकाच हॉटस्पॉटला जोडा, त्यांच्यामध्ये थेट केबल लावा, दोन्हीकडे एकाच खात्यानं आत जा आणि पीएस५ वर `Settings → System → System Software → Data Transfer` निवडा. तो सांगेल तेव्हा पीएस४ चं पॉवर बटण एक सेकंद दाबून धरा. बीप वाजला की सोडा. मग सेव्ह आणि गेम निवडायचे. दोन्ही मशीनचं सॉफ्टवेअर ताजं हवं. ही पद्धत मला आवडते, पण गावात एक धोका आहे: लाईन. अर्ध्यात लाईन गेली की पीएस४ ची जुनी हार्ड डिस्क पुढच्या वेळी चालू होताना तपासणीत अडकते. म्हणून केबल वापरायची असली तरी सेव्ह आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवा. इन्व्हर्टर असेल तर दोन्ही मशीनं त्यावर घ्या, आणि तुमच्या फीडरवर लाईन टिकायची वेळ माहीत असेल ती निवडा.

आर्णीजवळच्या दोन भावांचं मशीन

गेल्या हंगामात तुमच्यासारखेच दोघे भाऊ आले होते. पीएस४ स्लिम, चार गेम. जीटीए ५ ची डिस्क मामेभावानं अमेरिकेतून आणलेली. अनचार्टेड ४ ची डिस्क इथलीच. स्पायडर-मॅन मोठ्यानं स्वतःच्या खात्यावर घेतलेला. गॉड ऑफ वॉर दुकानदारानं टाकलेला. ते डिजिटल एडिशन बघून आले होते आणि डिस्क विकून जीटीए ऑनलाइन घेणार होते.

मी डबा उलटा करून कणा दाखवला: CUSA00419. धाकट्याचा जीटीएचा सेव्ह ८० टक्क्यांच्या पुढे गेलेला, आणि इथल्या स्टोअरच्या प्रतीत तो उघडला नसता. त्यांनी डिस्कवालाच पीएस५ घेतला.

आधी दोघांचे सेव्ह काढले. सगळे मिळून १५० एमबीसुद्धा झाले नाहीत. कॉम्प्युटरवर १६ अक्षरांचे दोन फोल्डर दिसले. स्पायडर-मॅन आणि जीटीए बाहेरच्या डिस्कवर हलवले, त्याला सव्वा तास लागला. अनचार्टेड डिस्कवरून नव्या मशीनमध्येच भरायचं ठरलं.

पीएस५ वर दोघांचे युजर त्यांच्या जुन्याच खात्यांनी उघडले. मोठ्याच्या खात्यावर `Settings → Users and Accounts → Other → Console Sharing and Offline Play` चालू आहे ना ते पाहिलं. हे चालू असलं की स्पायडर-मॅन धाकटाही त्याच्या युजरनं खेळू शकतो आणि नेट नसतानाही गेम उघडतो. गावात हे बंद राहिलं तर नेट गेल्याबरोबर गेमवर कुलूप येतं. नेट असूनही कुलूप राहिलं तर तिथेच `Restore Licenses` करायचं.

मग पेनड्राइव्ह लावून, प्रत्येकाच्या युजरमधून वेगवेगळं:

```
Settings → Saved Data and Game/App Settings
→ Saved Data (PS4) → USB Drive
```

धाकट्यानं एवढ्यात घाई केली. सेव्ह टाकायच्या आधीच जीटीए उघडला, सुरुवातीचा प्रसंग खेळला आणि नवा आपोआप सेव्ह झाला. कॉपी करताना मशीननं विचारलं, आधीचा आहे, त्यावर लिहू का? तो घाबरून 'नाही' म्हणणार होता. तारीख बघितली: पेनड्राइव्हवरचा जुन्या तारखेचा, मशीनवरचा आजचा. हवा तो जुना, म्हणून 'हो' म्हटलं. तुम्ही सेव्ह टाकल्याशिवाय गेम उघडूच नका, म्हणजे हा प्रश्न येणार नाही. प्लेस्टेशन प्लस असेल तर जास्तच जपा, कारण नवा रिकामा सेव्ह आपोआप वर चढून क्लाउडमधल्या जुन्याची जागा घेऊ शकतो.

गॉड ऑफ वॉरचे सेव्ह नव्या मशीनवर बसले, गेम नाही. काही महिन्यांनी मोठ्यानं तो सेलमध्ये घेतला आणि सरळ पुढे सुरू केला.

त्यांचा एक प्रश्न तुम्हालाही पडेल. जीटीए ५ ची पीएस५ साठी वेगळी आवृत्ती मार्च २०२२ मध्ये आली, ती घेतली तर हाच सेव्ह चालेल का? आपोआप नाही. पीएस४ ची आवृत्ती पीएस५ वर चालवणं आणि पीएस५ ची आवृत्ती चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोघांचे सेव्ह वेगळ्या कप्प्यात राहतात. काही गेममध्ये जुन्या आवृत्तीच्या मेनूतून सेव्ह वर चढवायचा आणि नव्या आवृत्तीत उतरवायचा पर्याय असतो. जीटीएच्या कथेसाठी तो आहे, त्याला रॉकस्टारचं खाते जोडलेलं लागतं. हे पीएस४ विकल्यावरही करता येतं, कारण जुनी आवृत्ती पीएस५ वर चालू करून तिथूनच सेव्ह चढवता येतो. प्रत्येक गेममध्ये ही सोय नसते, त्यामुळे नवी आवृत्ती घेण्याआधी त्या गेमपुरतं बघून घ्या.

ट्रॉफी सेव्हमध्ये नसतात, त्या खात्यावर असतात. पीएस४ वर ट्रॉफीच्या यादीत ऑप्शन्स दाबून एकदा `Sync with PlayStation Network` करा. त्याला मोबाइलचं थोडंसं नेट पुरतं.

नव्या मशीनवर प्रत्येक गेम दोघांच्याही युजरनं उघडून, सेव्ह आत घेऊन पाच मिनिटं खेळून बघा. एवढं झाल्यावर पीएस४ वर `Settings → Account Management → Activate as Your Primary PS4 → Deactivate` करा, तुमच्या आणि भावाच्याही खात्यावर. दुकानदाराचा युजर त्यात असेल तर तोही काढा. त्यानंतरच `Initialization` करून मशीन विकायला द्या. सेव्हचा पेनड्राइव्ह मात्र पुसू नका, दुकानदाराच्या गेमचे सेव्ह अजून त्यातच आहेत.